कै. विलासरावांच्या कुटुंबीयांस सांत्वनपत्र

सोलापूर,
16 जून 2025

श्रीमती शोभावहिनी यांस,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी सकाळी पाळी बदलताना विलासराव गेल्याचे कळले, तेव्हा कोणाचाच विश्वास बसेना. आदल्या संध्याकाळी आम्ही फाटकापाशी बोलत उभे होतो. अंत्यदर्शनाला आलो, पण आपल्यापुढे येऊन काय बोलावे ते सुचले नाही. म्हणून हे पत्र.

माझे काम हिशेबाचे, त्यांचे मागांवरचे; त्यामुळे आमचे खटके पुष्कळ उडत. एकदा टॉवेलांचा एक लॉट परत आला आणि विणकराच्या पगारातून कपात करायचे ठरले. विलासरावांनी कागदावर सही करायला साफ नकार दिला. अख्खी पाळी त्या मागाशेजारी उभे राहिले, सुताचे कोन बदलून बदलून पाहिले आणि दोष सुतात आहे, माणसात नाही, हे साहेबांना दाखवून दिले. कपात रद्द झाली. तो विणकर त्या दिवशी अंत्ययात्रेत सर्वांत पुढे होता. बहुधा आपण त्याला ओळखत नसाल, कारण असल्या गोष्टी विलासराव घरी सांगत नसणार. तेलुगू बोलणाऱ्या कामगारांशी ते तेलुगूतच बोलत, आणि कितीही राग आला तरी वयाने मोठ्या माणसाला कधी अरेतुरे करीत नसत.

गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला मात्र त्यांची रजा ठरलेली. बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चाललेले विलासराव पाहिले की कारखान्यातले हेच का, असे वाटे. गेल्या महिन्यात स्नेहलचा बारावीचा निकाल लागला, तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन ते प्रत्येक खात्यात स्वतः फिरले. तिच्या पुढच्या शिक्षणाविषयी ते माझ्याशी बरेच बोलले आहेत, चि. अमोलला आणि तिला ते सवडीने सांगेन.

एक व्यवहाराची गोष्ट, आता लिहिणे जड जाते तरी लिहितो. भविष्य निर्वाह निधी, कुटुंबाचे निवृत्तिवेतन आणि त्याला जोडलेला विमा, यांचे अर्ज मी भरून ठेवीन. दिवसकार्य आटोपल्यावर अमोलला निरोप धाडा, मी घरी येऊन आपल्या सह्या घेईन. महापालिकेचा मृत्यूचा दाखला, आपले आधारकार्ड आणि बँकेचे पासबुक एवढेच काढून ठेवा. कचेरीत खेपा घालायची गरज नाही. मध्येच कोणी पैसे मागून काम करून देतो म्हणाले, तर कृपया देऊ नका. या कामाला पैसे लागत नाहीत.

आईंना माझा नमस्कार सांगावा. या वयात हे दुःख त्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यासाठी शब्द नाहीत. माझी पत्नी रविवारी दुपारी त्यांच्याजवळ बसायला येईल. स्वयंपाकाचे काही पाहू नका, भाकरी-भाजी ती घेऊन येईल.

विलासरावांना हिशेब खात्यातील आम्हा सर्वांची भावपूर्ण श्रद्धांजली.

आपल्या दुःखात सहभागी,
दत्तात्रय
(हिशेब विभाग)