मुंजीची ऑर्डर : शनिवारनंतरची कामं, कोणाकडे काय

ताई, नमस्कार.

काल फोनवर आपलं जे बोलणं झालं ते लिहून पाठवते आहे. व्हॉट्सॲपवर मुद्दाम टाकलं नाही, कारण त्या ग्रुपवर आचारी आहेत, वाढप्यांचा मुकादम आहे, आणि हे आपल्या दोघींचं आहे. शनिवारी तुम्हाला का येता आलं नाही ते तुम्ही सांगितलंत, मला पटलं. त्यावर इथे काही लिहीत नाही.

आधी शनिवारी काय झालं ते, म्हणजे आपल्या दोघींकडे एकच माहिती राहील. चार वाजता दादरच्या हॉलवर मुंजीच्या घरची मंडळी आली : मुलाचे आईवडील, आजी आणि एक मावशी. दोघी मिळून भेटू, पानाचा दर देऊ आणि चवीला अळूवडी व श्रीखंड आणू, असं आपण त्यांना कळवलं होतं. दर आणि चव या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत. हॉल पाहून झाला, मेनूवर बोलणं झालं. त्यांनी ऑर्डर नाकारलेली नाही, पण बयाणाही दिलेला नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत लेखी दर द्या, मग ठरवू, असं म्हणाले. आजींना फक्त चवीत रस होता. दर ऐकायच्या आधी अळूवडी खायची, ही त्यांची पद्धत मला तरी रास्त वाटली.

दर मी तिथे तोंडी सांगितला नाही. त्यांनी तीनदा विचारलं, तरी नाही. १८० पानं आहेत. पानामागे २० रुपये इकडेतिकडे झाले तरी ३,६०० रुपयांचा फरक पडतो, आणि चक्का, तूप, भाज्यांचे आजचे भाव तुमच्या वहीत असतात, माझ्याकडे नसतात. शिवाय आपली भागीदारी फर्म आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार धंद्याच्या कामापुरता फर्मचा एजंट असतो. मी बोलले की तुम्हीही बांधल्या गेलात, तुम्ही बोललात की मी. म्हणून दर कोण काढणार आणि कोण सांगणार, ही दोन कामं वेगळी लिहून ठेवायला हवीत असं मला वाटतं. आजवर ते आपण तोंडीच चालवलं, आणि दोघीही समोर असायचो म्हणून चाललं.

स्वयंपाकघराचं सगळं तुमच्याकडे, आधी होतं तसंच. आचारी ठरवणं, सामानाची यादी, मस्जिद बंदरची आणि भाजीची खरेदी, आणि पानाचा दर काढणं. दर काढून झाला की तो आकडा मला मेलवर द्यायचा, त्यावर ५ टक्के जीएसटी वेगळा दाखवून पाहुण्यांना कळवणं माझं. चवीचे पदार्थ करणं तुमच्याकडे, ते पोचवणं माझ्याकडे. पाहुण्यांशी बोलणं, हॉलची वेळ, वाढपी, भांडी, बिल आणि बयाणा हे माझं. मेनूत शब्द द्यायचा झाला तर तो तुमच्या होकाराशिवाय मी देणार नाही. दरात सवलत द्यायची झाली तर दोघींचा होकार लागेल, पाच रुपयांची असली तरी.

या ऑर्डरमध्ये दोन गोष्टी नीट बघाव्या लागतील.

पहिली मातृभोजनाची. ते मुहूर्ताच्या आधी होतं, म्हणजे मुंजा, त्याची आई आणि आठ बटू यांची दहा पानं पंगतीच्या कितीतरी आधी तयार हवीत. घरच्यांनी साडेनऊ सांगितले आहेत. मुख्य जेवण साडेबाराला. आचाऱ्यांना एकच वेळ सांगितली गेली तर ते साडेबारा धरूनच चूल पेटवतील, म्हणून ही वेळ त्यांना तुमच्याकडून जावी. साडेनऊला वरणभात, पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड तयार हवं. मसालेभात आणि वड्या मागाहून चालतील का, हे तुम्ही ठरवा. ती पानं वाढायला दोन माणसं साडेआठला हॉलवर असतील, ते माझ्याकडे.

दुसरी, दिवस रविवार आहे. आपले बरेचसे वाढपी डोंबिवली-कल्याणहून येतात. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर गाड्या कोलमडतात, म्हणून बाकीच्या सगळ्यांना मी ब्लॉक सुरू व्हायच्या आत, नऊच्या सुमारास दादरला उतरायला सांगणार आहे. आचारी आदल्या रात्रीच हॉलवर मुक्कामाला असले तर बरं. हॉलच्या मागच्या चौकात शिजवायची परवानगी आहे, पण सिलिंडर १९ किलोचेच, घरगुती १४.२ किलोचे चालणार नाहीत, असं व्यवस्थापकांनी बजावून सांगितलं. सिलिंडर आचारी आणतात, तेव्हा हे त्यांना कळवणं तुमच्याकडे. चक्क्याचं तुम्हाला मी काय सांगणार, पण पानाला साधारण १०० ग्रॅम श्रीखंड धरलं तर १८ किलो होतं, आणि डेअरीला ते आठवडाभर आधी सांगावं लागेल. हे दर काढताना सोबतच बघाल का?

आता येता न येण्याबद्दल. आपल्या दोघींच्या घरी म्हातारी माणसं आहेत, तुमच्याकडे नातवंडंही आहेत. कोणाला कधी अडचण येईल ते सांगता येत नाही, आणि पुढच्या वेळी ती माझी असू शकेल. म्हणून एवढंच ठरवू : पाहुण्यांसोबत भेट असेल तेव्हा लागणारे कागद, म्हणजे दर, मेनू आणि हॉलचे नियम, आदल्या रात्री दोघींच्या मेलवर असतील. जिला जमणार नाही तिने फोन करावा. कारण सांगायची गरज नाही, "आज तू बघ" एवढं पुरे. फोन करणंही शक्य नसेल तर घरातल्या कोणीही केला तरी चालेल. तुमच्या सुनेचा नंबर माझ्याकडे आहे, माझ्या यजमानांचा तुमच्याकडे आहेच. वेळेनंतर वीस मिनिटं वाट बघून जी हजर असेल तिने भेट सुरू करावी आणि आपल्या कामापुरतंच बोलावं. दुसरीच्या कामाबद्दल कोणी विचारलं तर "उद्या लेखी कळवतो" म्हणावं. शनिवारी मी तेच म्हटलं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पैशांचं जसं आहे तसंच, निम्मं निम्मं. बयाणा फर्मच्या खात्यात.

बुधवारचं असं करू या का? मंगळवारी रात्रीपर्यंत तुम्ही मला पानाचा दर दोन तऱ्हांनी द्या, एक श्रीखंड धरून आणि एक जिलबी-मठ्ठा धरून. आईंचा कल श्रीखंडाकडे आहे, मावशींचा जिलबीकडे, आणि निकाल आजींच्या हाती दिसतोय. बुधवारी सकाळी अळूवडी आणि वाटीभर श्रीखंड करून ठेवलंत तर माटुंग्याला त्यांच्या घरी मी स्वतः नेऊन देईन, दरपत्रकही तेव्हाच देईन. मंगळवार जड जात असेल तर आजच सांगा, मी त्यांच्याकडून शुक्रवारपर्यंत मुदत मागून घेते. अजून मागता येईल, बुधवारी दुपारी मागितली तर बरं दिसणार नाही.

यातलं काही तुमच्या मनाविरुद्ध लिहिलं गेलं असेल, किंवा एखादं काम माझ्याकडे टाकावंसं वाटत असेल, तर याच मेलमध्ये खाली बदल करून परत पाठवा. आचाऱ्यांना मी अजून काहीच कळवलेलं नाही, तुमचं उत्तर आल्यावर तुम्हीच कळवा.

सुनेला सांगा, तिचा डबा माझ्याकडे राहिला आहे, बुधवारी आणते.

तुमची,
मुलुंडची भागीदार