मृणालचं दहा दिवसांचं जेवण : २६ डिसेंबर ते ४ जानेवारी

समीर, मृणाल घरीच दहा दिवस मौनात ध्यानाला बसणार आहे, त्यासाठीचा हा कागद तुमच्यासाठी आहे. घणसोलीच्या घरी फ्रिजवर लावा. मृणालने तो आधी एकदा वाचावा, काय बदलायचं ते २५ तारखेच्या रात्रीपर्यंत सांगावं आणि मग दहा दिवस त्याच्याकडे बघूही नये. मौनात बसलेल्या माणसाला "आज काय करू?" असं विचारलं की मन थेट स्वयंपाकघरात जातं आणि तासभर तिथेच घुटमळतं. म्हणून जेवणाचं सगळं आधीच ठरवून टाकलंय. आयत्या वेळी विचारायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही.

आधीचे दहा दिवस

मृणाल दिवसाला तीन कप चहा आणि ऑफिसात एक कॉफी घेते. हे सगळं २६ तारखेला एकदम बंद केलं तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकणार. चहा-कॉफी तुटल्यावर साधारण १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते आणि दुसऱ्या दिवसाच्या आसपास ती सर्वांत जास्त असते. मी पहिल्यांदा घरी बसले तेव्हा हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कपाळ इतकं दुखलं की वाटलं, साधनेतच काहीतरी चुकतंय. तिसऱ्या दिवशी दुपारी उठले आणि सगळं सोडून दिलं. तो नुसता चहा होता, हे पुढे कितीतरी दिवसांनी लक्षात आलं.

तर १६ तारखेपासून कॉफी बंद आणि चहा दोन कप. १९ पासून सकाळी एकच कप. २२ पासून अर्धा कप, तोही पातळ. २५ ला काही नाही. ग्रीन टी, कोला आणि चॉकलेट हे चहाचेच भाऊबंद आहेत, तेही याच हिशोबात धरा. गरम काहीतरी हातात हवंच असेल तर गवती चहाची पात आणि तुळशीची चार पानं पाण्यात उकळून द्या. आलं अगदी नखाएवढं. गूळ घातला तरी चालेल.

कांदा-लसूण २३ पासून बंद. आपल्याकडे कांदेनवमी करून चातुर्मासभर कांदा सोडणारी माणसं अजून आहेत, त्यामुळे हे काही जगावेगळं नाही. पण घरातला मसाल्याचा डबा तपासा. कांदा-लसूण मसाला, पावभाजी मसाला, तयार सूप, बाजारची शेव, चिवडा, लोणची या सगळ्यांत लसूण असू शकतो. गोडा मसाला चालेल. मी नेरुळहून माझ्या घरचा पाठवते, त्यात धणे, जिरं, तीळ, खोबरं, दगडफूल एवढंच आहे. हिंग चिमूटभर चालतो, डाळीला तर हवाच.

रोजच्या वेळा

पहाटे चारला उठल्यावर कोमट पाणी. साडेपाचला तिची थायरॉईडची गोळी, फक्त पाण्याबरोबर. न्याहारी साडेसहाला आहे, म्हणजे गोळीनंतर बरोबर तासभर मिळतो. डॉक्टरांची कुठलीही गोळी या दहा दिवसांत बंद करायची नाही. कॅल्शियमची गोळी ती घेते ना, ती अकराच्या जेवणाबरोबर द्या, सकाळी नको.

जेवण अकराला. संध्याकाळी पाचला फळ. त्यानंतर पाणी किंवा धण्या-जिऱ्याचं कोमट पाणी, एवढंच. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जुने साधक संध्याकाळी फक्त लिंबूपाणी घेतात, पण तिला पित्त होतं आणि घरी कुणाशी बरोबरी नाही. फळ घेऊ दे. पहिले तीन दिवस फळाबरोबर वाटीभर साळीच्या लाह्याही द्या. पोटाला नवी वेळ लागायला तेवढे दिवस लागतातच.

ताट झाकून दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवा, दारावर एकदाच टकटक करा आणि बाजूला व्हा. ताटात अन्न राहिलं तर "आवडलं नाही का?" विचारू नका. दुसऱ्या दिवशी तेवढं कमी वाढा. सगळं चाटूनपुसून संपलं तर घासभर जास्त. आपले जुने लोक सांगायचे की अर्धं पोट अन्नाने, पाव पाण्याने, आणि पाव रिकामं. ध्यानाला बसणाऱ्याला ते रिकामं पावच जास्त उपयोगी पडतं. उपाशीही ठेवायचं नाही हं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्यालाही योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, असं स्पष्ट म्हटलंय.

काय आणायचं नाही

गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार आहेत. तिथे कांद्या-लसणाचं नावसुद्धा नाही. फार तिखट, फार आंबट, फार खारट, जळजळणारं ते राजस. आणि शिळं, करून एक प्रहर, म्हणजे तीन तास, उलटलेलं ते तामस. म्हणजे लसूण वगळून केलेली, पण रात्रीची फ्रिजमधली भाजी गरम करून वाढली, तर नियम मोडलाच. समीर, माझा आग्रह यावरच जास्त आहे. एकच पदार्थ करा, पण त्या सकाळी करा.

इडली-डोशाचं आंबलेलं पीठ, ढोकळा, पाव, चीज, मश्रूम, वांगं, मुळा, व्हिनेगर यातलं काही नको. लाल तिखट नको. हिरवी मिरची चिरून फोडणीत घाला आणि वाढताना काढून टाका. छोले, राजमा, वाटाणा, चवळी, कडवे वाल, कोबी, फ्लॉवर यांनी पोटात वायू धरतो, आणि तासभर न हलता बसायचं तर त्या वायूपुढे कुणाचं चालत नाही.

आता उपवासाच्या पदार्थांविषयी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी यात कांदा-लसूण नसतो म्हणून माणसं ते सात्त्विक समजतात. मीही समजायचे. एका गुरुवारी साधनेत अकराला साबुदाणा खाल्ला आणि अडीचच्या बैठकीत सरळ झोपले. हे पदार्थ जड आहेत, तुपात थबथबलेले असतात, पचायला संध्याकाळ होते. दहाही दिवस नकोत.

खिचडी, नीट

हाच सगळ्याचा पाया आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आंबेमोहोर तांदूळ अर्धी वाटी, सालं काढलेली मूगडाळ अर्धी वाटी. दोन्ही तीनदा धुवून अर्धा तास भिजत घाला. छोट्या कुकरमध्ये चमचाभर साजूक तूप, त्यात अर्धा चमचा जिरं; जिरं तडतडून त्याचा वास घरभर झाला की चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद, किसलेलं आलं. मग निथळलेले डाळ-तांदूळ दोन मिनिटं परता, दाणा तुपाने चकाकला पाहिजे. चार वाट्या गरम पाणी, मीठ, आणि मध्यम आचेवर चार शिट्ट्या. वाफ आपोआप जाऊ द्या. झाकण उघडल्यावर घट्ट वाटली तर उकळतं पाणी घालून सैल करा. डावातून सहज ओघळायला हवी. वरून पुन्हा चमचाभर तूप. एवढ्यात तुम्हा दोघांचं होतं.

दिवसवार

२६, शुक्रवार : न्याहारीला नाचणीचं सत्त्व दुधात, गूळ घालून. जेवायला खिचडी, ताजं ताक. पाचला पपई.

२७, शनिवार : उपमा, जिरं-कढीपत्त्याच्या फोडणीचा, गाजर बारीक चिरून. दोन पोळ्या, दुधीची भाजी, साधं वरण-भात, लिंबाची फोड. पाचला चिकू.

२८, रविवार : मऊ भात, मेतकूट, तूप. हा तिचा लहानपणापासूनचा आवडता आणि तिसऱ्या दिवशी मन जरा कासावीस होतं, तेव्हा ओळखीची चव बरी. जेवायला ज्वारीची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, मुगाचं कढण. पाचला संत्रं.

२९, सोमवार : इथून अधिष्ठानाच्या बैठका, म्हणजे न हलता पूर्ण तास. न्याहारी हलकी : पोहे, ओलं खोबरं आणि कोथिंबीर घालून, दाणे नाहीत. जेवायला पुन्हा खिचडीच. पाचला पपई.

३०, मंगळवार : दलिया दूध-गुळातला. पोळी, पालक घातलेली मूगडाळ, थोडा भात. पाचला केळं, एकच.

३१, बुधवार : तांदळाची घावनं, खोबऱ्याची चटणी. जेवायला वरणफळं, वरून तूप आणि कोथिंबीर. या दिवसाची मला जरा काळजी आहे. संध्याकाळपासून सोसायटीत गाणी, बाराला फटाके, आणि डक्टमधून खालच्या मजल्यांवरच्या लसणाच्या फोडण्यांचा वास थेट तुमच्या बाथरूमच्या खिडकीत. ती खिडकी पाचलाच बंद करा. तुम्हाला मित्रांकडे जायचं असेल तर जरूर जा, पण बाहेरचं पार्सल घरी आणू नका. पाचला फळाबरोबर लाह्याही ठेवा. रात्र लांबली की भूक लागते.

१ जानेवारी, गुरुवार : रात्री झोप नीट झालेली नसेल. सकाळी तांदळाची पेज, तूप-जिरं. जेवायला खिचडी. पाचला डाळिंब.

२, शुक्रवार : शेवयांचा उपमा. भाकरी, ताकातली चाकवताची पातळ भाजी, मऊ भात. भाजी मंडईतून आदल्या संध्याकाळी आणा आणि चाकवत चार पाण्यांतून धुवा, माती फार असते. पाचला चिकू.

३, शनिवार : २७ तारखेचंच सगळं. भाजी दुधीऐवजी दोडक्याची. नवं काही सुचलं तरी करू नका.

४, रविवार : थोडासा शिरा, वेलची घालून. जेवायला वरण-भात-तूप-लिंबू, दुधीची भाजी, पोळी. संध्याकाळी तिचं मौन सुटेल. अर्णवला त्याआधी ठाण्याहून घेऊन या. तो मिसळ मागेल, कारण मावशीआजीने कबूल केलीय असं तो सांगेल. मी खरंच कबूल केलीय, पण पुढच्या रविवारची आणि माझ्या घरी.

५ तारखेला मृणालला ऑफिस आहे. डब्यात पोळी आणि लाल भोपळ्याची भाजी द्या. कॅन्टीनचं जेवण बुधवारनंतर. चहा पुन्हा सुरू करायचा की नाही ते तिचं तिने ठरवू दे, सकाळी तिच्यासमोर कप ठेवू नका. गवती चहाची जुडी तोवर ताजी हवी, ३ तारखेला नवी आणा.

— आशामावशी