फोटो ७ : कार्बन-१४ ची स्लाइड (फोटो गेला, वर्णन ठेवले आहे)

हा फोटो सभागृहाच्या मागच्या बाजूने, डावीकडून काढला होता. त्यामुळे पडदा तिरका दिसत होता आणि खालचा उजवा कोपरा पुढे बसलेल्या श्रोत्याच्या डोक्याआड गेला होता.

वर ठळक अक्षरांत शीर्षक : ‘कार्बन-१४ : वय कसे ठरते?’ कार्बन-१४ हा हळूहळू विघटित होणारा किरणोत्सारी कार्बन; तो किती उरला यावरून हाडासारख्या जुन्या अवशेषाचे वय काढतात.

डावीकडे चार मुद्दे, जसेच्या तसे :

- अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षे
- विलर्ड लिबी. रसायनशास्त्राचे नोबेल, १९६०
- मर्यादा : सुमारे ५०,००० वर्षे
- वृक्षवलयांशी ताडून दुरुस्ती आवश्यक

उजवीकडचा आलेख हाच स्लाइडचा जीव. आडव्या अक्षावर जीव मेल्यापासूनची वर्षे, उभ्यावर उरलेल्या कार्बन-१४ ची टक्केवारी. लाल वक्ररेषा शंभरापासून सुरू होऊन आधी झपकन आणि मग हळूहळू उतरते. तिच्यावर ठळक ठिपके : ५७३० वर्षांना ५०, ११,४६० ला २५. तिसरा ठिपका डोक्याआड होता; हिशेबाने तो १७,१९० वर्षांना १२.५ टक्क्यांवर येतो. रेषा शून्याला टेकत नाही, पण पुढे उरलेला अंश इतका तुटपुंजा असतो की मोजणेच अवघड होते. तिसऱ्या मुद्द्यातली मर्यादा त्यातूनच येते. वक्त्यांनी लेझरचा ठिपका इथेच धरला होता, फोटोत तो हिरवा दिसायचा.

आलेखाखाली छोटी आकृती : वातावरणातल्या नायट्रोजनवर न्यूट्रॉन आदळतो, कार्बन-१४ तयार होतो, तिथून बाण झाडाकडे, झाडाकडून हरणाकडे. हरणाच्या पुढे हाडाचे चित्र आणि त्याच्याकडे जाणाऱ्या बाणावर फुली : मृत्यूनंतर नवा कार्बन आत येत नाही.