विषय: आजोबांची पितळी दुर्बीण – मापं, वजन, खुणा आणि मोडतोड (सोबत १४ फोटो)

सर, नमस्कार.

फोनवर बोललो होतो त्या दुर्बिणीबद्दल लिहितेय. तुम्ही म्हणालात आधी नीट लिहून पाठवा, मग पुढचं बघू, म्हणून रविवारी टेबलावर पांढरी चादर टाकून बसले आणि एकेक मोजलं. मापं सगळी मिलिमीटरमध्ये आहेत, जाडी-व्यास डिजिटल कॅलिपरने आणि लांबी स्टीलच्या पट्टीने. आधी शिवणकामाच्या टेपने घेतली होती पण ती दर वेळी वेगळीच यायची, ते आकडे सोडून दिले.

वस्तू म्हणजे हातात धरायची, तीन नळ्या ओढून लांब होणारी पितळी दुर्बीण. बाहेरच्या जाड नळीवर तपकिरी कातडं आहे. पूर्ण बंद केली की लांबी २५२, पूर्ण उघडली की ७६२. नळ्या किती बाहेर येतात ते जाडीपासून बारीककडे असं: १७२, १७०, १६८. बाहेरचा व्यास त्याच क्रमाने ४५.०, ३९.५, ३४.०. कातड्यासकट जाड नळी ५१.५, पुढची कड ५३. पुढच्या भिंगाची उघडी काच ४२. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तीनदा केलं, झाकणाशिवाय ९०५ ग्रॅम, झाकण वेगळं ३८ ग्रॅम. काट्यावर १ किलोची सीलबंद पिशवी ठेवून बघितली होती, १००६ दाखवलं, म्हणजे ५-६ ग्रॅम (पिशवीचे) सोडून काटा बरोबर आहे असं धरलंय.

चुंबक लावून बघितलं. नळ्यांना कुठेच चिकटत नाही, फक्त पुढच्या कडेजवळच्या तीन स्क्रूपैकी एकाला चिकटतो. बाकीचे दोन पिवळे आहेत आणि हा काळपट, डोकंही थोडं मोठं, तेव्हा हा नंतर कोणीतरी बसवलेला असावा असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं आहे.

आता खुणा. सगळ्यात बारीक नळीवर, डोळा लावायच्या टोकापासून १४ मिमीवर तीन ओळी कोरलेल्या आहेत, रोमन लिपीत. डोळ्याची बाजू डावीकडे धरली तर अक्षरं सरळ वाचता येतात. पहिली ओळ घासून गेलीय, शेवटची दोन अक्षरं ओ आणि एन वाटतात, त्याआधीचं एम की डब्ल्यू ते कळत नाही. दुसरी ओळ स्पष्ट, तिरक्या वळणदार अक्षरांत ‘डे ऑर नाइट’. तिसरी ‘लंडन’, सगळी मोठी अक्षरं, उंची ३. पहिल्या ओळीवर कागद ठेवून पेन्सिल फिरवून ठसा घेतला, तो फोटो ५. टॉर्च बाजूने, अगदी आडवी धरून काढलेला फोटो ६ त्याहून बरा आलाय. तारीख, नंबर, मालकाचं नाव कुठेच नाही. पण जाड नळी आणि पहिली नळी जोडणारे आटे हाताने सुटले, तर आत दोन्ही तोंडांवर दोन-दोन उभ्या रेघा खरवडलेल्या दिसल्या (फोटो ८), जोडी लक्षात राहावी म्हणून केल्यासारख्या. आणखी एक, बारीक नळीवर मुळापासून ११ मिमीवर सबंध गोल रेघ आहे, नळी त्या रेघेपर्यंत ओढली की दूरची गच्ची स्पष्ट दिसते.

चित्र सुलटं दिसतं. दुर्बीण आकाशाकडे धरून डोळ्याच्या भिंगामागे ग्राफ पेपर धरला तर उजेडाचा गोल ठिपका साधारण २ मिमीचा पडतो, ४२ ला २ ने भागलं तर २१ पट. पण मोजण्यात अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तर १७ ते २८ काहीही येईल, त्यामुळे हा आकडा ढोबळच धरा.

मोडतोड सांगताना दिशा कळावी म्हणून कातड्याची शिवण खाली, म्हणजे ६ वाजता धरलीय आणि पुढच्या भिंगाकडून बघतेय. भिंगाच्या कडेला २ वाजता टवका उडालाय, कडेने ४ मिमी लांब, आत १.५ मिमी. ९ वाजता बारीक जाळी आहे, बुरशीसारखी, बाहेरून फुंकर मारून किंवा मऊ ब्रशने जात नाही म्हणजे आतल्या बाजूला असणार. भिंगासमोर टॉर्च धरली की उजेडाचे चार ठिपके दिसतात, त्यातले दोन जवळजवळ चिकटून. दोन काचा आहेत आणि त्या एकमेकींना चिकटवलेल्या नाहीत असा मी त्याचा अर्थ लावला. चूक असेल तर सांगा.

मधल्या नळीला पोचा आहे, ९ बाय ५, खोली अर्धा मिमीच असेल, पण त्रास त्याचाच आहे. तो आतल्या बाजूला आल्यामुळे बारीक नळी तिथून जाताना घासते, आणि तिच्यावर लांबीभर एक सरळ चरा पडलाय (फोटो १०). चऱ्याचा तळ चकचकीत आहे, म्हणजे अजूनही घासतंच आहे, म्हणून आता मी ती उघडबंद करणं थांबवलंय. कातड्याची शिवण एका टोकाने ६१ मिमी उसवलीय, १० मिमीत ४ टाके असा दोरा आहे, कातडं मात्र कुठे फाटलेलं नाही. आट्यांच्या खाचेत हिरवा कळंक आहे, पुसलेला नाही.

आणि एक कबुली. डोळ्याच्या टोकाच्या कड्यावर जे दातेरी ओरखडे आहेत (फोटो १२) ते जुने नाहीत. कडं सुटेना म्हणून भावाने गेल्या महिन्यात पक्कड लावली, मी ओरडले तोवर झालं होतं ते. कडं सुटलं नाहीच. त्यामुळे मागची भिंगं किती, कशा अवस्थेत, हे मी बघू शकलेली नाही. त्याशिवाय आम्ही काही केलेलं नाही, पॉलिश नाही, चिंच नाही, तेल नाही.

ऐकीव माहिती मुद्दाम शेवटी ठेवली. आई म्हणते ही जहाजावरची आहे, मामा म्हणतो आजोबांनी जुन्या बाजारात घेतली. कागद, पावती, जुना फोटो यातलं काहीही नाही. मी लहानपणापासून ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात बघितलीय एवढंच माझ्या भरवशावर सांगू शकते.

मला विकायची नाहीये. विचारायचं एवढंच की ती बुरशी तशीच राहिली तर काच खराब होईल का, पोचा काढता येतो का की काढताना नळी चिरेल, आणि अडकलेलं कडं सोडवायचं असेल तर ते माझ्यासारखीने करावं की हात लावू नये. फोटो १४ मध्ये शेजारी पट्टी ठेवून सगळे भाग एकत्र आहेत, कुठला जवळून हवा असेल तर नंबर सांगा, परत काढून पाठवते.