शुभाताई चालली, आता कॅश कोण मोजणार?

तर मंडळी, बातमी खरी आहे. आपल्या अकाउंट्सची शुभाताई शुक्रवारी शेवटची येतेय. नाशिकला अंबड एमआयडीसीत जॉब मिळालाय, घरापासून जवळ, म्हणजे भोसरीचं ट्रॅफिक सुटलं बिचारीचं. आम्ही इथेच.

नव्या लोकांना सांगतो, ताई काय चीज आहे ते. स्टेपलरवर स्वतःचं नाव, एसी २६ च्या खाली गेला की शाल बाहेर, आणि २० तारखेला ३बी भरताना जीएसटी पोर्टल अडकलं की त्याच्याशी असं बोलते जसं काय घरचं पोरगं अभ्यास करत नाहीये.

पण सगळ्यात भारी किस्सा त्या मार्च एंडचा. ऑडिटर सकाळी येणार होते आणि पेटी कॅशमध्ये २७ रुपये कमी. फक्त २७! आम्ही म्हटलं ताई खिशातून टाकतो, घरी जाऊया, तर म्हणे "आज खिशातून टाकाल, उद्या खिशात टाकाल." झालं, सगळे खाली बसले. मग तिने क्लास घेतला, की बाळांनो फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो ना, मग बहुतेक कोणीतरी आकडे उलटे टाकलेत, ६३ चे ३६ केले की बरोब्बर २७ चा फरक पडतो, शोधा. आणि संशय कोणावर? अर्थात ओंकारवर, तो तेव्हा नुकताच जॉइन झालेला. त्या बिचाऱ्याची प्रत्येक एंट्री काढून बघितली, तो घामाघूम, वॉचमन काका दोनदा डोकावून गेले, आणि शेवटी व्हाउचर सापडलं, समोश्यांचं बिल २६३, एंट्री २३६, आणि एंट्री करणारी... शुभाताई स्वतः 😂 समोसे पण तिच्याच बर्थडेचे!

दोन मिनिटं ताई गप्प. तिला गप्प बसलेलं आम्ही तेवढंच पाहिलं. मग म्हणाली, "बघा, मेथड बरोबर होती ना?" दुसऱ्या दिवशी मात्र ओंकारला मिसळ खाऊ घातली, एक्स्ट्रा पाव स्वतःच्या पैशाने, तेही न सांगता.

गंमत सोडा, पण आज ओंकार एकटा ऑडिटरसमोर बसतो आणि एक कागद मागे-पुढे होत नाही, ते ताईमुळे. ओरडायची आपल्या माणसांवर, पण मॅनेजर आमच्यावर घसरले की आधी हीच मधे पडायची. ताई, हे तुला तोंडावर सांगायला कोणाला जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय. नाशिकवाल्यांना जरा सांभाळून घे गं, त्यांना अजून तुझी सवय नाहीये.

शुक्रवारी चार वाजता कॅन्टीनमध्ये केक आहे, सगळ्यांनी या. गिफ्टचं कॉन्ट्रिब्युशन ओंकारकडे द्या आणि सुट्टे द्या, ताईने हिशोब आधीच मागितलाय.