दहावी ब, २००१ : स्नेहसंमेलन रविवार, २७ डिसेंबर २०२६

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने ग्रुपवर, फोनवर आणि गणपतीत एकमेकांकडे गेलो तेव्हा जे जे बोलणं झालं, ते सगळं एका जागी आणलंय. नितीनचे व्हॉइस मेसेज, सुजाताच्या वहीतली यादी आणि टिळक रोडला चहा पिताना बिलामागे मांडलेला हिशेब समोर घेऊन बसले होते. आता तारीख आणि कामं यांसाठी हाच मेसेज धरा, आधी लिहिलेलं सगळं रद्द. मेसेज पिन केलाय.

*कधी :* रविवार, २७ डिसेंबर, सकाळी ९:३० ते संध्याकाळी ५.
*कुठे :* आधी आपली शाळा, ११:३० नंतर एरंडवण्यातलं कार्यालय (नळ स्टॉप मेट्रो स्टेशनपासून चालत).
*वर्गणी :* माणशी १,५०० रुपये, सुजाताकडे.

१३ डिसेंबर बऱ्याच जणांना सोयीची होती. पण सवाई साधारण त्याच सुमारास असतो आणि परदेशातल्या मंडळींना नाताळच्या सुट्टीशिवाय निघता येत नाही. २५ला शुक्रवार आहे, म्हणजे सलग तीन दिवस मिळतात. अडचण एवढीच की त्या सुट्टीत एक्सप्रेसवेला घाटात गाड्या तुंबतात. म्हणून मुंबईकरांनो, शनिवारीच या आणि शक्यतो ट्रेननं या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २६ तारखेच्या गाड्यांचं मंगळवार, २७ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता, आणि २७ला परतणाऱ्यांचं दुसऱ्या दिवशी. मोबाईलवर आत्ताच रिमाइंडर लावा. शनिवारी रात्री कुणाकडे राहायचं हे प्रसादला सांगा. कोथरूड आणि सहकारनगर मिळून नऊ जणांची सोय झाली आहे.

जागेवरून खूप चर्चा झाली. मुळशीचं फार्महाऊस सुंदर आहे, हुरड्याची कल्पनाही मला मनापासून आवडली. पण या वेळी आपल्या बाई आणि सर येणार आहेत. बाईंचे गुडघे दुखतात, सरांना लांबचा प्रवास झेपत नाही. पंचवीस वर्षांनी भेटायचं आणि ते दोघं नसायचे, हे मला पटत नाही. कार्यालयाचा हॉल तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. मी स्वतः जाऊन पाहून आले. हुरडा जानेवारीत ज्यांना जमेल त्यांनी वेगळा करू.

आता कामं. कार्यालयाचं बुकिंग आणि जेवण नितीनकडे. मेनू ठरलाय : मसालेभात, अळूची भाजी, मटार उसळ, बटाटेवडे, जिलेबी, मठ्ठा. कांदा-लसूण न खाणारे आणि मधुमेहवाले, आपापली नावं नितीनला कळवा. १३ डिसेंबरला तो आचाऱ्यांना अंतिम आकडा देईल, त्यानंतर ताटं वाढवता येणार नाहीत. शाळेच्या परवानगीचं पत्र मी दसऱ्याआधी नेऊन देते. आपला वर्ग उघडून देऊ, असं तोंडी कबूल झालंय. बाईंना आणि सरांना घरून आणणं आणि परत सोडणं हे समीरचं काम. त्याची गाडी बिघडली तर वैशालीची तयार असेल. ही जबाबदारी दोघांवर मुद्दाम ठेवली आहे.

फोटो मनीषाकडे. जुन्या सहलीचे, गॅदरिंगचे, निरोप समारंभाचे जे असतील ते १५ नोव्हेंबरपर्यंत तिला पाठवा. फोटोचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि अल्बमवरचं प्लास्टिक काढा, नाहीतर चेहऱ्यांवर चमक येते. आपल्यात आज नसलेल्या दोघांचे फोटो कुणाकडे असतील तर ते आधी पाठवा. त्यांच्या घरच्यांना मी भेटून आमंत्रण देणार आहे, सोबत कुणी येणार असेल तर बरं वाटेल.

अजून सात जणांचा पत्ता लागलेला नाही. सुजाता नावं वेगळी टाकते आहे. कुणाचा भाऊ, बहीण, जुना शेजारी माहीत असेल तर फोन करून बघा. नंबर मिळाला तर आधी त्यांना विचारा आणि मगच ग्रुपवर द्या.

वर्गणी ३१ ऑक्टोबरपर्यंत यूपीआयनं, शेरा म्हणून स्वतःचं नाव लिहा. ज्यांना सध्या जमत नाही त्यांनी फक्त सुजाताला सांगायचं. ते तिच्यापाशीच राहील आणि त्यांनी यायचंच आहे. पैसे उरले तर शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं देऊ. ती कोणती, ते बाई सांगतील.

सध्या प्रत्येकानं एकच करायचं : मंगळवार, २० ऑक्टोबर, दसऱ्यापर्यंत या मेसेजखाली आपलं नाव, माणसं किती आणि शनिवारी मुक्काम हवा की नको, एवढं लिहा. नक्की नसेल तर ‘नक्की नाही’ असं लिहा, मी दिवाळीनंतर फोन करते.

मेधा