पुरात पीक गेल्यामुळे उर्वरित वार्षिक शुल्क हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अधिष्ठाता महोदय,
दंत महाविद्यालय व रुग्णालय, पुणे

अर्जदार : दत्तात्रय भानुदास शिंदे
मु. पो. पिंपळवाडी, ता. परांडा, जि. धाराशिव

विषय : कु. ओंकार दत्तात्रय शिंदे (बी.डी.एस., तृतीय वर्ष, हजेरी क्रमांक ४७) याचे उर्वरित १,२०,००० रुपये शुल्क चार हप्त्यांत स्वीकारण्याबाबत व विलंब शुल्क माफ करण्याबाबत.

माननीय महोदय,

माझा मुलगा ओंकार आपल्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षात शिकत आहे. त्याचा प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासनाकडून येते. ती वगळता पालक म्हणून मला या वर्षी १,५६,००० रुपये भरावयाचे होते. त्यांपैकी ३६,००० रुपये मी वर्ष सुरू होताना भरले आहेत. उरलेले १,२०,००० रुपये १५ नोव्हेंबरपर्यंत भरावेत, अशी सूचना महाविद्यालयाकडून आली आहे. मागील दोन्ही वर्षांचे शुल्क मी मुदतीच्या आत भरले होते, हे आपल्या लेखा विभागातील नोंदींवरून दिसेल. यंदा मात्र ही रक्कम एकरकमी उभी करणे मला शक्य नाही. त्याची कारणे पुढे मांडतो.

माझ्या नावावर सीना नदीच्या काठी साडेचार एकर, म्हणजे १ हेक्टर ८२ आर जमीन आहे. या खरिपात तीन एकर सोयाबीन, एक एकर ऊस आणि राहिलेल्या अर्ध्या एकरात उडीद होता. ओंकारचे शुल्क दरवर्षी सोयाबीनच्या पैशातून भरले जाते, कारण सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात जाते आणि आपली मुदतही साधारण तेव्हाच येते. यंदा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून पावसाने उघडीप दिली नाही. शेंगा भरून पीक काढणीला आलेले असताना सीनेला पूर आला आणि पाणी तीन दिवस शेतात उभे राहिले. ओसरले तेव्हा सोयाबीन गाळाखाली आडवे पडले होते आणि पुढील चार-पाच दिवसांत शेंगांतल्या दाण्यांना झाडावरच मोड आले. एरवी तीन एकरांत बावीस-तेवीस क्विंटल माल होतो. यंदा मळणी करून हाती आलेले तीन क्विंटल काळे पडलेले दाणे व्यापाऱ्याने क्विंटलला २,२०० रुपयांनी घेतले. म्हणजे एकूण ६,६०० रुपये आले, तर बियाणे, खत, फवारणी आणि मजुरी मिळून या पिकावर ६०,००० रुपयांच्या आसपास खर्च झाला होता. शासनाचा हमीभाव यंदा क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण तो प्रतवारीत बसणाऱ्या मालासाठी आहे. माझा माल खरेदी केंद्रावर उतरवूनही घेतला गेला नसता.

नदीकडील तीस गुंठे जमिनीवरची माती खरडून गेली असून तेथे आता गोटे उघडे पडले आहेत. विहीर गाळाने भरली, पाण्यातील मोटर आणि पाइप वाहून गेले. गोठ्यातील दोन गाईंपैकी एक दगावली. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी संयुक्त पंचनामा केला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. पंचनाम्यात जमिनीचे व पिकाचे नुकसान नोंदलेले आहे, मात्र मोटर-पाइपची नोंद राहून गेली. तीही व्हावी असा अर्ज मी तहसील कार्यालयात दिला आहे.

शासनाची मदत मिळाली असेल तर शुल्कास अडचण का, असा प्रश्न आपणांस पडणे स्वाभाविक आहे, म्हणून त्याचाही हिशेब देतो. जिरायत पिकासाठी हेक्टरी ८,५०० आणि बागायतीसाठी हेक्टरी १७,००० रुपये या दराने माझ्या क्षेत्राचे सुमारे १८,००० रुपये खात्यावर जमा झाले. ते गाळ काढण्याचे यंत्र, ट्रॅक्टरची पाळी आणि हरभऱ्याच्या बियाण्यात खर्च झाले. हे पैसे शुल्कात भरले असते तर रब्बी पेरता आली नसती आणि मग पुढचे हप्ते भरण्यास काहीच उरले नसते. रब्बीसाठी जाहीर झालेले हेक्टरी १०,००० रुपये आणि खरडलेल्या जमिनीची मदत अद्याप जमा झालेली नाही. पीक विमा मी भरला आहे, परंतु या हंगामापासून भरपाई महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पन्नावर ठरणार आहे. ती किती आणि केव्हा मिळेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे पुढील वेळापत्रकात मी या तिन्ही रकमा धरलेल्या नाहीत. जे येणे माझ्या हातात किंवा नजरेसमोर आहे, तेवढेच धरले आहे.

पहिला हप्ता २०,००० रुपयांचा असून तो मी १५ नोव्हेंबर २०२५ पर्यंत, म्हणजे आपल्या मुदतीतच भरतो. यातील १५,००० रुपये माझ्या पत्नीच्या बचत गटाने मंजूर केले आहेत आणि बाकीचे घरातले आहेत.

दुसरा हप्ता ३५,००० रुपयांचा, ३१ जानेवारी २०२६ पर्यंत. हा उसाच्या बिलातून देईन. ऊस पाण्यात राहिल्याने लोळला आहे. एरवी एकरी तीस टनांच्या पुढे जाणारा फड यंदा वीस टनांपर्यंत भरेल, असा अंदाज आहे. माझी तोड डिसेंबरच्या अखेरीस येईल, असे कारखान्याच्या गटातून कळले आहे. वजनावर सुमारे ५५,००० रुपये व्हावेत. पूरग्रस्त भागात पीककर्जाच्या वसुलीला शासनाने स्थगिती दिलेली असल्याने सोसायटीची कपात यंदा बिलातून होणार नाही, असे सचिवांनी सांगितले आहे. पण ते तोंडी असल्यामुळे मी या हप्त्यात पूर्ण रक्कम धरलेली नाही.

तिसरा हप्ता ४०,००० रुपयांचा, १५ एप्रिल २०२६ पर्यंत. वापसा उशिरा आल्यामुळे हरभरा या आठवड्यात अडीच एकरांवर पेरीत आहे. त्याची काढणी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात होईल. एकरी पाच क्विंटल आणि क्विंटलला पाच हजार रुपये असा बेताचा हिशेब केला, तरी खर्च वजा जाता एवढी रक्कम उरते.

चौथा आणि शेवटचा हप्ता २५,००० रुपयांचा, ३१ मे २०२६ पर्यंत. उरलेली एक गाय दिवसाला नऊ-दहा लिटर दूध देते. संकलन केंद्रावरून दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. पेंड आणि चारा वगळून त्यातील १,५०० रुपये प्रत्येक पगाराला बाजूला काढून डिसेंबरपासून वेगळ्या खात्यात ठेवीन. मेअखेर ही रक्कम पूर्ण होते आणि वार्षिक परीक्षेपूर्वी आपले येणे शून्यावर येते.

याशिवाय राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्जासाठी मी ऑक्टोबरमध्ये अर्ज केला आहे. त्यासाठी महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र आणि चारही वर्षांच्या व आंतरवासितेच्या खर्चाचे पत्रक लागते. हे दोन्ही कागद कार्यालयाने लवकर दिल्यास कर्जाची फाइल पुढे सरकेल. कर्ज मंजूर झाले, तर त्या वेळी उरलेले सर्व हप्ते मी एकाच वेळी भरीन आणि हे वेळापत्रक आपोआप संपेल. गावात महिन्याला शेकडा चार रुपये व्याजाने पैसे देणारे लोक आहेत. त्यांच्याकडून एका दिवसात आपले शुल्क भरता आले असते, परंतु त्यानंतर पुढच्या वर्षीचे शुल्क भरण्याची माझी ऐपत उरली नसती, म्हणून तो मार्ग मी धरलेला नाही.

माझी मागणी शुल्कमाफीची नाही. हप्त्यांना मान्यता मिळाल्यास वरील तारखांपर्यंत विलंब शुल्क आकारू नये, एवढी सवलत आपल्या अधिकारात द्यावी. त्याचबरोबर या काळात ओंकारचे वर्ग, ग्रंथालय आणि विशेषतः रुग्णालयातील प्रात्यक्षिक काम थांबवले जाऊ नये, ही विनंती. तिसऱ्या वर्षापासून रुग्ण तपासणीचे काम सुरू झाले असून ७५ टक्के हजेरीची अट आहे. शुल्क थकल्याच्या कारणाने दोन-तीन आठवडे जरी त्याला बाहेर बसावे लागले, तरी नंतर पैसे भरूनही गेलेली हजेरी भरून येणार नाही. पूरग्रस्त तालुक्यांतील विद्यार्थ्यांना शासनाने परीक्षा शुल्क माफ केले आहे. ते आपल्या अभ्यासक्रमास लागू होत असल्यास त्याचीही नोंद घ्यावी.

आणखी एक विनंती, जी नियमांत कोठे लिहिलेली नसावी. हा अर्ज मी स्वतः केला आहे. पुराच्या आठवड्यात ओंकार चाचणी परीक्षेला बसला होता आणि गाय गेल्याचे आम्ही त्याला परीक्षा झाल्यावर कळवले. आजही त्याला नुकसानीचा आकडा पूर्ण ठाऊक नाही. ठाऊक झाला, तर तो शिक्षण सोडून गावी येण्याची भाषा करील, अशी मला भीती आहे. म्हणून थकबाकीबाबत काही विचारावयाचे असल्यास ते कृपया मलाच विचारावे. त्याचे नाव सूचना फलकावरील यादीत लावू नये किंवा वर्गात घेऊ नये. माझा मोबाइल क्रमांक प्रवेश अर्जात नोंदलेला आहे आणि तोच चालू आहे. दुपारी शेतात नेटवर्क नसते, पण सकाळी नऊपर्यंत आणि सायंकाळी सातनंतर मी नक्की मिळतो.

एखादा हप्ता ठरलेल्या तारखेला देता येणार नाही असे दिसले, तर किमान आठ दिवस आधी लेखी कळवण्याची जबाबदारी माझी राहील. आपणांस आवश्यक वाटल्यास या वेळापत्रकाचे हमीपत्र मुद्रांकावर करून देण्यास मी तयार आहे. समक्ष बोलावल्यास पुण्यास येईन, फक्त पेरणीमुळे १० नोव्हेंबरनंतरचा दिवस द्यावा, ही विनंती. पहिला हप्ता १५ तारखेपूर्वी भरावयाचा असल्याने तो अंशतः स्वीकारण्याची सूचना लेखा विभागास त्याआधी मिळाली, तर खिडकीवरून पैसे परत येणार नाहीत. ऑनलाइन भरणा प्रणाली सध्या पूर्ण रकमेखेरीज भरणा घेत नाही, असा अनुभव आहे.

आपल्या निर्णयाचे पत्र वरील पत्त्यावर पाठवावे, ही नम्र विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
दत्तात्रय भानुदास शिंदे
(कु. ओंकार याचे वडील)

सोबत : ७/१२ व ८-अ उतारा, पिकाच्या व जमिनीच्या नुकसानीचा पंचनामा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सोयाबीन विक्रीची पट्टी, मदतीची रक्कम जमा झाल्याची बँक पासबुकातील नोंद, मागील दोन वर्षांच्या व यंदाच्या ३६,००० रुपयांच्या शुल्क पावत्या, बचत गटाच्या कर्ज मंजुरीच्या ठरावाची प्रत, शैक्षणिक कर्ज अर्जाची पोच, शेताची चार छायाचित्रे.

प्रत माहितीसाठी : लेखा विभाग